कॉफीच्या फळांची तोडणी आणि कपातली चव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कॉफी भाजण्याचे काम मी गेली काही वर्षे करतो आणि दर हंगामात डिसेंबर-जानेवारीत काही दिवस चिक्कमगळूरूच्या डोंगरात, माल घेतो त्या मळ्यांवर घालवतो. भाजणी, दळण, पाण्याचे तापमान यांवर ग्राहक पुष्कळ विचारतात, पण फळ झाडावरून कसे उतरवले हा प्रश्न क्वचितच येतो. तो आल्यावर जी उत्तरे मी देतो ती येथे एकत्र केली आहेत. उदाहरणे मुख्यतः कर्नाटकातल्या अरेबिका जातीच्या कॉफीची आहेत. जेथे तुलना आवश्यक वाटली तेथे ब्राझीलचा आधार घेतला आहे.

वेचून तोडणे आणि ओरबाडणे यांत नेमका फरक काय?

कॉफीची फळे फांदीच्या पेरापेरावर घोसाने लागतात. वेचून तोडताना तोडणारी बाई घोसातले फक्त लाल झालेले फळ अंगठा आणि तर्जनीमध्ये धरते, थोडे पिळून सोडवते आणि हिरवी-पिवळी फळे पुढच्या फेरीसाठी तशीच ठेवते. ओरबाडताना फांदी मुळाशी मुठीत धरून हात टोकाकडे सरकवला जातो आणि पिकलेली, अर्धकच्ची, कच्ची, वाळलेली अशी सगळी फळे पानांसकट खालच्या कापडावर पडतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी कापसाचा पहिला वेचा, दुसरा वेचा डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे पहिली पद्धत लगेच समजेल. जे बोंड फुटले तेच वेचायचे, बाकीच्यासाठी पुन्हा यायचे.

झाडाच्या दृष्टीनेही दोन्हींत फरक पडतो. पुढच्या वर्षीची फुले या वर्षी वाढलेल्या कोवळ्या पेरांवर येणार असतात. ओरबाडताना फांदीची टोके आणि पाने तुटली, तर पुढच्या हंगामाचे काही पीक त्याच दिवशी जमिनीवर पडते.

एकाच झाडावरची फळे एकाच वेळी का पिकत नाहीत?

कारण ती एकाच दिवशी फुललेली नसतात. कर्नाटकात मार्च-एप्रिलमध्ये पहिला चांगला पाऊस पडला, की साधारण नऊ-दहा दिवसांनी मळा पांढऱ्या फुलांनी भरतो. तो पाऊस एकदाच आणि पुरेसा पडला तर बहुतेक फुले एका वेळी येतात. तो तुकड्यातुकड्याने पडला, तर आधी काही कळ्या उमलतात, पंधरा दिवसांनी आणखी काही, आणि त्यांच्यातले हे अंतर फळ पिकेपर्यंत टिकून राहते. त्यातच आपल्याकडची कॉफी सिल्व्हर ओक, फणस, जंगली झाडे यांच्या सावलीत वाढते. जास्त सावलीतली फांदी उन्हातल्या फांदीच्या मागे राहते, डोंगराचा वरचा उतार खालच्या उताराच्या मागे राहतो. अरेबिकाचे फळ फुलापासून पिकेपर्यंत सुमारे आठ-नऊ महिने घेते, पण ‘सुमारे’ या शब्दात कितीतरी आठवडे सामावलेले असतात.

मग आपल्याकडे तोडणीच्या फेऱ्या कशा होतात?

अरेबिकाची सुरुवात नोव्हेंबरच्या आसपास होते. आधी पिकलेली तुरळक फळे गोळा करायची जी पहिली हलकी फेरी असते तिला मळ्यांवर ‘फ्लाय पिकिंग’ म्हणतात. तिच्यात माल थोडा मिळतो, पण ती टाळली तर हीच फळे मुख्य तोडणीपर्यंत काळी पडून सुकतात आणि चांगल्या मालात मिसळतात. मग मुख्य तोडणी, दहा ते पंधरा दिवसांच्या अंतराने, मळ्याला परवडतील तितक्या फेऱ्यांची. शेवटी ‘स्ट्रिपिंग’, म्हणजे झाडावर जे काही उरले असेल ते पिकलेले-कच्चे न पाहता काढून घेणे. त्यानंतर जमिनीवर पडलेली फळे वेचली जातात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ओरबाडणे हा शब्द ऐकला की ग्राहकाला ती निष्काळजीपणाची खूण वाटते. भारतीय मळ्यावर मात्र शेवटची ओरबाडणी ही शेताच्या आरोग्यासाठी करावीच लागते. झाडावर आणि जमिनीवर राहिलेल्या फळांत बेरी बोरर नावाचा बारीक काळा भुंगा पुढच्या हंगामापर्यंत जगतो. 1990 मध्ये तो नीलगिरीतल्या गुडलूर भागात भारतात प्रथम आढळला आणि तेव्हापासून तोडणीखाली चटई किंवा कापड अंथरणे व मागे एकही फळ न ठेवणे याला फार महत्त्व आले. शेवटच्या फेरीचा माल वेगळा ठेवला, वेगळा वाळवला आणि वेगळ्या नावाने विकला, तर त्यात काहीही चूक नाही. तो मुख्य फेरीच्या मालात शिरला की बिघाड सुरू होतो.

फळ पिकले आहे हे तोडणाऱ्याला कसे कळते?

आधी रंगावरून, मग बोटावरून. आपल्याकडच्या एस. 795 सारख्या वाणांत फळ हिरव्याचे पिवळसर, मग नारिंगी, मग लाल होते आणि झाडावरच राहिले तर जांभळट काळे पडते. तोडायचे ते देठाजवळही हिरवा डाग न उरलेले, पूर्ण लाल फळ. शंका आली की ते दोन बोटांत हलकेच दाबायचे. पिकलेल्या फळातून चिकट रसात भिजलेली बी पटकन बाहेर निसटते. कच्चे फळ कितीही दाबले तरी घट्ट राहते, कारण बी भोवतीचा गर अजून सैल झालेला नसतो.

एका मळ्यावर तोडणाऱ्या बायकांमागे मी एकदा सकाळभर चाललो होतो. त्यांच्यातली सर्वांत अनुभवी बाई फळाकडे बघतसुद्धा नव्हती असे वाटावे इतक्या वेगाने तिची बोटे फिरत होती. घोसाच्या खालच्या बाजूचे, नजरेआडचे फळ ती केवळ स्पर्शाने ओळखत होती. कन्नडमध्ये पिकलेल्या फळाला ‘हण्णु’ आणि कच्च्याला ‘कायि’ म्हणतात. मी तोडलेली मूठभर फळे तिच्या टोपलीत टाकली, तेव्हा तिने त्यातली दोन उचलून माझ्या तळहातावर परत ठेवली आणि एवढेच म्हणाली, “कायि.” मला ती लाल दिसली होती. उलटून पाहिले तेव्हा दोन्हींच्या देठाकडचा भाग फिकट पिवळा होता.

कच्च्या फळाने चवीचे नेमके काय नुकसान होते?

पिकण्याच्या शेवटच्या काही आठवड्यांत बीमध्ये साखर साठते आणि तोंड ओढून घेणाऱ्या क्लोरोजेनिक आम्लांचे प्रमाण त्या मानाने कमी होते. फळ आधीच तोडले तर हा बदल अर्धवट राहतो. भाजताना बी तपकिरी होते आणि तिला सुगंध येतो तो साखर व अमिनो आम्ले यांच्या परस्पर क्रियेतून. साखरच कमी असेल तर ही क्रिया पुरेशी होत नाही, आणि बाकीच्या बिया गडद होत असताना कच्च्या फळाची बी शेंगदाण्याच्या सालासारखी फिकट राहते. भाजणारे तिला ‘क्वेकर’ म्हणतात. ती एकटी चावून पाहिली तर जुना कागद किंवा जळकट शेंगदाणे आठवतात, आणि गिळल्यावर जिभेच्या कडेला कोरडेपणा राहतो.

कपात हा दोष मोठ्याने बोलत नाही, म्हणूनच मला तो सर्वांत जास्त खटकतो. दोन-चार कच्च्या बियांनी कॉफी थेट खराब लागत नाही, ती फक्त सपाट होते. गोडवा मागे सरतो, फळाची जी हलकी आंबट झाक असायला हवी ती हिरवट तुरटीत बुडते आणि पिणारा म्हणतो, “ठीक आहे, पण काहीतरी कमी आहे.” बहुतेक वेळा दोष भाजणीला किंवा पाण्याला दिला जातो.

जास्त पिकलेले फळ तर गोड असते, मग ते का नको?

फळ गोड असते हे खरे, पण झाडावरच सालीच्या आत आंबण्याची क्रिया सुरू झालेली असते आणि ती कोणाच्या ताब्यात नसते. त्यातून कधी दारूसारखा, कधी व्हिनेगरसारखा वास येतो, आणि अशी एखादी बी खूपच बिघडली तर ती एकटी संपूर्ण कप खराब करू शकते. दिलासा एवढाच, की हा दोष नाकाला लगेच कळतो आणि सुकलेली फळे पाण्यावर तरंगत असल्यामुळे त्यातला मोठा भाग आधीच बाजूला काढता येतो.

तोडणीत झालेली चूक नंतर दुरुस्त करता येत नाही का?

काही अंशी येते, पण नेमकी सर्वांत महत्त्वाची चूक सर्वांत कमी दुरुस्त होते. मळ्यावर फळे आली की ती पाण्याच्या हौदात टाकतात. सुकलेली, पोकळ, बोररने पोखरलेली फळे वर तरंगतात आणि उचलून घेता येतात. हिरवी कच्ची फळे मात्र पिकलेल्यांसारखीच जड असतात, त्यामुळे ती चांगल्या फळांबरोबर तळाशी जातात. हौदातून निघालेला ढीग स्वच्छ दिसतो, पण कच्चे त्यात जसेच्या तसे असते.

पुढचा टप्पा पल्परचा, म्हणजे साल काढण्याच्या यंत्राचा. ते यंत्र पिकलेल्या फळाच्या आकारावर आणि मऊपणावर बसवलेले असते. कच्चे फळ घट्ट असल्याने ते काही वेळा अख्खेच बाहेर पडते आणि काही वेळा पात्यात चिरडले जाते. चिरलेल्या बीत पाणी आणि जंतू शिरतात आणि ती आंबवण्याच्या टाकीत बाकीच्या बियांपेक्षा वेगाने बिघडते. थोडक्यात, कच्चे फळ स्वतःचे तर नुकसान करतेच, शिवाय शेजारच्या बीलाही घेऊन जाते.

वाळल्यानंतर आकारमान, घनता आणि रंग यांवर यंत्राने निवड होते, बायका टेबलावर बसून हाताने निवडतात, आणि यातून बरेच कच्चे निघते. कच्च्या फळाची बी बहुतेकदा बारीक, हिरवट आणि चांदीसारखी पातळ साल घट्ट चिकटलेली असते. अर्धकच्च्या, पिवळ्या-नारिंगी फळाची बी मात्र रंगाने जवळजवळ चांगल्या बीसारखीच दिसते. ती निवड पार करून जाते आणि भाजणीच्या पातेल्यात उघडी पडते. म्हणून माझे मत असे आहे, की तोडणारीच्या बोटांपाशी न टाळलेली चूक पुढे कोणतेही यंत्र पूर्णपणे भरून काढत नाही.

किती कच्ची फळे चालू शकतात? एखादे उदाहरण मिळेल का?

समजा एका मळ्यावर दिवसाला 600 किलो अरेबिकाची फळे आली. सहा किलो फळांतून साधारण एक किलो न भाजलेली कॉफी मिळते असे धरले, तर हा 100 किलोचा माल झाला. मुकादमाने ढिगातून, वेगवेगळ्या पोत्यांतून मिळून 100 फळे मोजली आणि त्यात 8 कच्ची निघाली. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो.

आता उच्च दर्जाच्या कॉफीसाठी अनेक वर्षे वापरात असलेले मोजमाप पाहा. 350 ग्रॅम न भाजलेली कॉफी पसरून दोष मोजतात, कच्च्या फळांच्या पाच बिया म्हणजे एक पूर्ण दोष धरतात, आणि असे जास्तीत जास्त पाच दोष चालतात. म्हणजे फक्त कच्च्याच बिया असतील तर मर्यादा 25 बियांची आहे. अरेबिकाची एक बी साधारण 0.15 ग्रॅमची धरली, तर 350 ग्रॅममध्ये सुमारे 2,300 बिया येतात. बहुतेक फळांत दोन बिया असल्याने आठ टक्के कच्च्या फळांतून सुमारे 185 कच्च्या बिया निघतील. मर्यादेच्या सातपटीहून जास्त. त्यातल्या शंभर-सव्वाशे पल्परपासून हाताच्या निवडीपर्यंत गाळल्या गेल्या, तरी मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट शिल्लक राहतातच. शिवाय भाजलेल्या 100 ग्रॅम नमुन्यात क्वेकर एकही नसावा, अशी वेगळी अट असते. म्हणून मी जेथून माल घेतो तेथे शंभरात दोनपेक्षा जास्त कच्ची निघाली, की ते पोते फळ असतानाच कापडावर ओतून निवडून घेण्याची विनंती करतो. फळ लाल की हिरवे हे तेव्हा डोळ्यांना दिसते, बीवर आल्यावर तो रंग राहत नाही.

ब्राझीलमध्ये तर यंत्राने ओरबाडतात, तरी तिथली कॉफी चांगली कशी?

तिथले डोंगर आपल्यासारखे नाहीत, पाऊसही वेगळा. ब्राझीलच्या मोठ्या भागात कोरडा काळ स्पष्ट असतो आणि त्यानंतरच्या पावसावर बहुतेक फुले एकत्र येतात, त्यामुळे फळे पिकण्यातले अंतर कमी राहते. सेराडोसारख्या सपाट पठारावर उन्हात, सरळ ओळींत लावलेली कॉफी आहे. 1979 मध्ये तिथल्या जॅक्टो कंपनीने कॉफी तोडणीचे यंत्र बाजारात आणले. असे यंत्र ओळीच्या दोन्ही बाजूंनी चालते आणि थरथरणाऱ्या कांड्यांनी फळे झाडते. पिकलेले फळ देठापासून कमी जोराने सुटते. कांड्यांचा कंप आणि यंत्राचा वेग नीट जुळवला, तर पिकलेले बरेच खाली पडते आणि कच्चे बरेच फांदीवर राहते. काही शेतकरी पहिल्या फेरीनंतर काही आठवड्यांनी यंत्र पुन्हा नेतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी निवड झाडावरून उचलून कारखान्यात नेली. तिथल्या पल्परच्या आधी भोके असलेला दंडगोल बसवलेला असतो. दाबाखाली पिकलेल्या फळाची बी सालीतून निसटून भोकातून बाहेर येते, घट्ट कच्चे फळ आतच राहते आणि वेगळ्या वाटेने बाहेर पडते. तेच दोन बोटांत दाबून पाहणे, पण यंत्राने. हे न करता सगळा मिश्र माल एकाच अंगणात वाळवला, तर कच्ची, पिकलेली आणि अर्धवट सुकलेली फळे वेगवेगळ्या वेगाने वाळतात, तापलेल्या जमिनीवर कच्च्या फळांच्या बिया काळपट हिरव्या पडतात, आणि वाळलेल्या सालीखाली ते कोणाला दिसत नाही. ब्राझीलची स्वस्त आणि उत्तम कॉफी यांतला फरक माझ्या मते बऱ्याच अंशी ओरबाडल्यानंतर कोणी किती वेगळे केले याचा आहे.

आपल्या उतारांवर, सावलीच्या झाडांमधून असे मोठे यंत्र फिरवणे शक्य नाही. केवळ ओरबाडणे उचलून आणले आणि निवडीची यंत्रणा आणली नाही, तर हाती फक्त तोटाच येईल.

किलोवर मजुरी दिली तर कच्चे फळ जास्त येते, हे खरे आहे का?

येते, आणि त्याबद्दल तोडणाऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. वजनावर पैसे मिळत असतील, तर जो फांदी ओरबाडेल त्याची टोपली लवकर भरणार, आणि जी बाई एक-एक लाल फळ निवडेल तिला संध्याकाळी कमी पैसे मिळणार. हा हिशेब प्रत्येकाला समजतो. तोडणीसाठी माणसे मिळणे वर्षागणिक अवघड झाले आहे, बरीचशी दूरच्या राज्यांतून येतात, त्यामुळे मालकही नाराजी ओढवून घेत नाही.

काही मळ्यांवर यावर केलेला उपाय मला पटतो: रोजच्या मजुरीखेरीज वजनावर पैसे आणि त्यावर, संध्याकाळी पोत्यातून काढलेली 100 फळे मोजून, कच्ची ठरावीक संख्येच्या आत असतील तर जास्तीचा दर. मोजणी सर्वांसमोर व्हायला हवी आणि पैसे त्याच आठवड्यात हातात पडायला हवेत.

रोबस्टालाही हे सगळे लागू आहे का?

चवीच्या बाबतीत हो, व्यवहारात कमी. रोबस्टाचे फळ पिकायला जास्त काळ घेते, पण पिकल्यावर फांदीला घट्ट धरून राहते आणि लगेच गळत नाही, त्यामुळे एक-दोन फेऱ्यांत काम उरकते. आपल्याकडचा बहुतेक रोबस्टा सालीसकट वाळवला जातो आणि पुष्कळसा इन्स्टंटसाठी जातो. साल काढून, धुऊन वाळवलेला रोबस्टा करणारे मळे मात्र अरेबिकाइतक्याच काळजीने तोडतात, आणि त्याची चव पहिल्यांदा घेणाऱ्याला आश्चर्य वाटते.

तोडलेले फळ किती वेळात पल्परपर्यंत पोचायला हवे?

त्याच दिवशी. उन्हात बांधून ठेवलेल्या पोत्याच्या मध्यभागी हात घातला की उष्णता जाणवते. तोवर आतले आंबणे सुरू झालेले असते. सकाळी अगदी नीट वेचलेला माल संध्याकाळपर्यंत पोत्यात राहिला, तर तोडणीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरते.

मी पाकीट विकत घेतो. तोडणी कशी झाली हे मला कसे कळेल?

भाजलेल्या बिया पांढऱ्या कागदावर पसरा, दळलेली कॉफी घेऊ नका. मध्यम भाजलेल्या कॉफीत फिकट, बदामी रंगाच्या बिया चटकन वेगळ्या दिसतात. फार गडद भाजलेल्या मालात त्या ओळखणे कठीण जाते. मूठभरात एखादी निघाली तर समजण्यासारखे आहे, पण पाच-सहा निघत असतील तर तोडणी आणि निवड दोन्ही ढिली झाली आहेत. त्या बिया बाजूला काढून उरलेल्यांची एक कॉफी करा, न निवडलेल्यांची दुसरी, आणि दोन्ही कोमट झाल्यावर आलटून पालटून प्या. फरक गरम असताना कमी कळतो.

एका वर्षी मलाही हीच परीक्षा द्यावी लागली. एका मळ्याचा नमुना जानेवारीच्या सुरुवातीला आला होता, स्वच्छ, गोड, मागे संत्र्याच्या सालीची झाक. त्यावरून मी पोती मागवली. मार्चमध्ये माल आला, भाजला, आणि पहिल्याच पातेल्यात फिकट बिया दिसू लागल्या. विचारल्यावर कळले, की नमुना मुख्य तोडणीच्या दुसऱ्या फेरीचा होता आणि पोत्यांत शेवटच्या ओरबाडणीचाही माल मिसळला होता. आम्ही दोघे जण तीन दिवस बसून भाजलेला माल हाताने निवडत होतो. आता मी नमुन्यावर तोडणीची फेरी आणि तारीख लिहून मागतो, आणि आलेल्या प्रत्येक पोत्यातून वेगळे 100 ग्रॅम भाजून, फिकट बिया मोजल्याशिवाय पुढचे पोते उघडत नाही.

महाराष्ट्रात कॉफी होते का, आणि तिथे कशी तोडतात?

अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या डोंगरावर, चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची लागवड आहे. ती लहान प्रमाणावर आहे, आणि म्हणूनच तिथे हाताने वेचून तोडणे सहज शक्य आहे. कोणी तिथली कॉफी आणून दिली, तर मी वर सांगितलेली कागदावरची परीक्षा तिच्यावरही आधी करीन.